रॅले-जीन्स, वीन की प्लँक: कृष्णवस्तूच्या गणितात कोणतं सूत्र कधी घ्यावं?

"तरंगलांबी मोठी असेल तर रॅले-जीन्स, लहान असेल तर वीन" हे बी.एस्सी.च्या बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण लहान म्हणजे किती, असं विचारलं की उत्तर अडतं. त्याचं कारण असं की एकट्या तरंगलांबीवरून काहीच ठरत नाही. २ मिलिमीटर लांबीची लहर एका वस्तूसाठी "लांब" असते आणि दुसरीसाठी "आखूड". निवड करायची ती एका संख्येवरून:

x = hν/kT = hc/λkT

इथे hc/k ची किंमत १४३८८ मायक्रोमीटर-केल्विन आहे. म्हणजे तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये घ्या, तिला तापमानाने गुणा आणि १४३८८ ला त्या गुणाकाराने भागा. x मिळाला की अर्धं काम झालं.

तिन्ही सूत्रांची सुरुवात एकाच ठिकाणी होते. पोकळीत ν वारंवारतेच्या आसपास विद्युतचुंबकीय लहरींचे किती मोड मावतात, हे मोजलं की दर एकक घनफळाला आणि दर एकक वारंवारतेला 8πν²/c³ मोड मिळतात. ही मोजणी अभिजात सिद्धांताचीच आहे आणि ती बरोबर आहे. प्लँकच्या सूत्रातही ती जशीच्या तशी राहते. फरक पडतो तो प्रत्येक मोडला सरासरी ऊर्जा किती द्यायची यात:

रॅले-जीन्स: kT
वीन: hν e^(−x)
प्लँक: hν/(e^x − 1)

रॅले-जीन्सची चूक नेमकी इथे आहे. समविभाजनाच्या नियमानुसार प्रत्येक मोडला kT मिळते, मग त्याची वारंवारता काहीही असो. आखूड तरंगलांबीकडे जावं तसे मोड ν² च्या वेगाने वाढत जातात आणि प्रत्येकाचा वाटा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे एकूण ऊर्जेची बेरीज कुठे थांबतच नाही. एरेनफेस्टने १९११ मध्ये याला "अतिनील आपत्ती" असं नाव दिलं.

मग kT येते कुठून? मोडची ऊर्जा E कितीही असू शकते असं धरून e^(−E/kT) या भाराने सरासरी काढली, म्हणजे संकलन केलं, की उत्तर kT येतं. आता ऊर्जा फक्त 0, hν, 2hν, 3hν अशाच पायऱ्यांनी असू शकते असं धरा. संकलनाच्या जागी भूमितीय श्रेणीची बेरीज येते आणि उत्तर hν/(e^x − 1) होतं. x = ०.१ असेल तेव्हा पायऱ्या इतक्या बारीक असतात की सरासरी ०.९५ kT भरते. अभिजात उत्तर जवळजवळ टिकतं. x = १० असेल तर पहिलीच पायरी १० kT उंचीवर असते. तिथे पोहोचण्याची शक्यता e^(−10), म्हणजे लाखात साधारण साडेचार. सरासरी ऊर्जा ०.०००४५ kT इतकीच उरते, आणि रॅले-जीन्स तरीही पूर्ण kT देत राहतं. उत्तर २,२०० पट जास्त येतं. वारंवारता जास्त असलेले मोड असतात, पण ते ऊर्जेविना पडून राहतात. मुळात समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवू. अचूक उत्तर प्लँकचं आहे, म्हणून बाकी दोघांना त्याने भागलं आहे.

| प्रसंग | x | रॅले-जीन्स ÷ प्लँक | वीन ÷ प्लँक |
|---|---|---|---|
| वितळलेलं पोलाद, १८०० K, ०.६५ मायक्रोमीटर | १२.३ | सुमारे १८,००० | १.००० |
| सूर्य, ५७७२ K, ०.५ मायक्रोमीटर | ४.९९ | २९ | ०.९९३ |
| वैश्विक पार्श्वप्रारण, २.७२५ K, १६० GHz | २.८२ | ५.६ | ०.९४ |
| १५०० °C ची पोकळी, ५१.२ मायक्रोमीटर | ०.१५९ | १.०८ | ०.१५ |
| १०० K चा स्रोत, १४२० MHz | ०.०००६८ | १.०००३ | ०.०००७ |

चौथ्या ओळीपाशी थांबायला हवं, कारण इतिहास तिथे घडला. पाठ्यपुस्तकांत बहुधा असं येतं की रॅले-जीन्स अतिनीलमध्ये फसलं म्हणून प्लँकने सूत्र शोधलं. प्रत्यक्षात १९०० साली बर्लिनमध्ये मान्यता होती ती वीनच्या सूत्राला, आणि ते फसलं अवरक्ताच्या टोकाला. रूबेन्स आणि कुर्लबाउम यांनी सैंधवाच्या स्फटिकांवरून पुन्हापुन्हा परावर्तन करून ५१.२ मायक्रोमीटरचं प्रारण वेगळं काढलं आणि पोकळीचं तापमान १५०० °C पर्यंत नेऊन ते मोजलं. तिथे ते तापमानाच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढत होतं. वीनचं सूत्र त्या जागी खऱ्याच्या जेमतेम १५ टक्के उत्तर देतं. इतकी तफावत प्रयोगातल्या चुकीवर ढकलता येत नाही. प्लँकने ऑक्टोबरमध्ये दोन्ही टोकं जुळवणारं सूत्र मांडलं आणि १४ डिसेंबरला त्याची सिद्धता. रॅले-जीन्सचं सूत्र योग्य गुणकासह पूर्ण झालं ते १९०५ मध्ये.

प्रत्येकाची हद्द आकड्यांतच सांगता येते. एक टक्क्याच्या आत चूक हवी असेल तर वीनसाठी x साधारण ४.६ च्या वर हवा, म्हणजे λT ३१०० मायक्रोमीटर-केल्विनपेक्षा कमी. गंमत म्हणजे तरंगलांबीच्या आलेखाचा शिखरबिंदू λT = २८९८ ला येतो, तेव्हा वीन थेट शिखरापर्यंत चालतं. रॅले-जीन्सची चूक मात्र साधारण x/2 एवढी असते; तिथे एक टक्का गाठायला λT सात लाखांच्या पुढे जावं लागतं. शिखराच्या "जरा उजवीकडे" ते लावणं म्हणून धोक्याचं आहे.

माझा सल्ला असा. प्रकाशीय पायरोमीटरने भट्टीचं तापमान काढायचं असेल तर वीन घ्या. उत्सर्जकतेची दुरुस्ती वेगळी करावी लागते, पण लॉगरिदम घेतला की 1/T ची सरळ रेषा मिळते, आणि ही सोय प्लँकच्या सूत्रात नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं असतील तर रॅले-जीन्स घ्या. तिथे तीव्रता तापमानाच्या सम प्रमाणात असते, म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तीव्रता थेट केल्विनमध्ये सांगतात. पार्श्वप्रारणाला मात्र ही सवय लावू नका. १६० GHz म्हणजे जवळपास २ मिलिमीटरची लहर. ऐकायला लांब वाटते, पण २.७ केल्विनच्या मानाने ती आखूड आहे, आणि रॅले-जीन्स साडेपाच पट चुकतं. तिथे प्लँकच हवं.

वारंवारतेच्या सूत्रातून तरंगलांबीच्या सूत्रात जाताना नुसतं ν = c/λ घालून भागत नाही. dν च्या जागी (c/λ²) dλ येतं. ते विसरलं तर शिखर x = ४.९६५ ऐवजी २.८२१ ला येतं. तुमच्या आलेखात सूर्याचं शिखर ०.५ ऐवजी ०.८८ मायक्रोमीटरला दिसलं, तर हा गुणक राहिला असं समजा.

संगणकावर प्लँकचं सूत्र लिहिताना x फार लहान असेल तर e^x − 1 या वजाबाकीत अचूक अंक गळून जातात. पायथनमध्ये त्यासाठी `numpy.expm1(x)` आहे. ते वापरलंत तर रेडिओच्या टोकालाही प्लँकचंच सूत्र ठेवता येईल.