चाळीस हजार भरले, तरी व्याज पूर्ण अठ्ठेचाळीस हजारांवर

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याजाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक आकडा. किती रकमेवर, किती दिवसांचं, हे तिथे लिहिलेलं नसतं. माझी फसवणूक झाली ती याच एका ओळीत. माझ्यासारखे कितीतरी जण हा आकडा मुकाट्याने भरून टाकत असतील, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. दिवसावर व्याज काढणं हे माझं रोजचं काम. २० फेब्रुवारी २०२५ ला मी घरच्या बोअरसाठी ४२,००० रुपयांची मोटर कार्डावर घेतली आणि ५ मार्चला ६,००० ची आणखी एक खरेदी झाली. १२ मार्चचं स्टेटमेंट आलं ४८,००० चं, भरायची शेवटची तारीख १ एप्रिल. त्यातले ४०,००० मी ३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, एनईएफटीने भरले. उरलेले ८,००० पुढच्या महिन्यात भरायचे ठरवले होते. व्याज लागणार हे माहीत होतं. मधल्या काळात कार्डावर नवी खरेदी केली नाही.

१२ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये व्याज २,७८२.३६, त्यावर जीएसटी, शिवाय लेट फी ९०० आणि तिच्यावरही जीएसटी. माझे ४०,००० 'जमा' दाखवले होते २ एप्रिलला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तक्रार बहुतेक इथेच फसते. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. 'माझे फक्त ८,००० राहिले होते, तेवढ्यावरच व्याज लावा' असं लिहिलंत, तर बँक नियमावर बोट ठेवून अख्खं पत्र बाजूला टाकते. ४०,००० वरही ते भरेपर्यंतचं व्याज आपण देणं लागतो. भरल्यानंतरच्या एका दिवसाचंही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत हे स्पष्ट आहे: व्याज फक्त थकीत रकमेवर, आणि ती रक्कम भरणा वजा करून धरायची.

बँकेने काय केलं हे उलटा हिशेब केल्यावर कळलं. माझा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २,७८२.३६ ला ३६५ ने गुणून ०.४२ ने भागलं, तर रक्कम गुणिले दिवस येतात २४,१८,०००. आणि ४२,००० चे १२ एप्रिलपर्यंतचे ५२ दिवस अधिक ६,००० चे ३९ दिवस यांची बेरीजही बरोबर २४,१८,०००. म्हणजे माझे ४०,००० त्यांनी ३० मार्चलाही वजा केले नव्हते आणि स्वतः दाखवलेल्या २ एप्रिललाही नाही. पैसे घेतले, आणि व्याज असं लावलं जणू एक रुपया आलेला नाही.

कस्टमर केअरला फोन केला. 'मॅडम, सिस्टीम जनरेटेड आहे, चुकत नाही.' मग तिकडूनच फोन आला. लेट फी 'गुडविल' म्हणून परत करतो, बाकीच्या रकमेचे हप्ते करून घ्या, म्हणजे व्याज थांबेल. हे गोड बोलणंच जास्त घातक होतं. हप्ते केले की वादातलं व्याज मुद्दलात जातं, वर प्रोसेसिंग फी लागते, आणि पुढे बँक म्हणते की रक्कम तुम्हालाच मान्य होती. गुडविलला हो म्हटलं की तक्रार बंद. मी दोन्हीला नाही म्हणाले आणि पत्र लिहिलं. ते पत्र असं:

'प्रति, मुख्य नोडल अधिकारी. दिनांक १६ एप्रिल २०२५.

विषय: १२ एप्रिल २०२५ च्या स्टेटमेंटमधील व्याज व लेट फीबाबत लेखी हरकत.

१२ मार्चच्या स्टेटमेंटची देय रक्कम रु. ४८,०००, देय तारीख १ एप्रिल. मी ३० मार्च रोजी रु. ४०,००० एनईएफटीने भरले. यूटीआर क्रमांक व माझ्या खात्याचा उतारा सोबत जोडला आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून सुटीच्या दिवशीही चोवीस तास चालते, त्यामुळे भरणा ३० मार्चचाच धरावा.

व्याजाचा योग्य हिशेब: रु. ४२,००० वर २० फेब्रुवारी ते २९ मार्च, ३८ दिवस. रु. ६,००० वर ५ ते २९ मार्च, २५ दिवस. रु. ८,००० वर ३० मार्च ते १२ एप्रिल, १४ दिवस. वार्षिक ४२ टक्के दराने एकूण व्याज रु. २,१३७.९७. आपण आकारले रु. २,७८२.३६. जादा रु. ६४४.३९, त्यावरील जीएसटी रु. ११५.९९.

लेट फी: भरणा देय तारखेपूर्वी आला व किमान देय रकमेपेक्षा कितीतरी जास्त आहे. आपण दाखवलेली २ एप्रिल ही तारीख धरली तरी विलंब एका दिवसाचा होतो, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. लेट फी रु. ९०० व जीएसटी रु. १६२ परत करावेत.

आपली मागणी रु. १२,३४५.१८. माझ्या हिशेबाने देणे रु. १०,५२२.८०, ते मी उद्या भरत आहे. उरलेले रु. १,८२२.३८ वादग्रस्त आहेत. त्यावर व्याज वा लेट फी लावू नये आणि ही रक्कम क्रेडिट ब्युरोकडे थकबाकी म्हणून कळवू नये. माझा हिशेब अमान्य असल्यास रक्कम व दिवसांसह आपला हिशेब लेखी द्यावा.'

पत्रात व्याजदर जास्त असल्याची तक्रार मुद्दाम केली नाही. ३० टक्क्यांवर व्याज नको, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दरावर भांडून हाती काही लागत नाही. दिवस आणि रक्कम यांवर भांडलं तर बँकेला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं.

मान्य असलेली रक्कम भरणंही तितकंच गरजेचं आहे. राग येतो म्हणून सगळंच अडवून ठेवलं तर खरी थकबाकी तयार होते आणि मग बँकेची बाजू बळकट होते. मी १७ तारखेला पैसे भरले. ८,००० वर मधल्या चार दिवसांचे सुमारे ३७ रुपये व्याज आणि जीएसटी पुढच्या स्टेटमेंटला येणार होतं. ते रास्त आहे, त्यावर हरकत घेऊ नका.

पत्र ईमेलने पाठवलं, शिवाय पोस्टाने पोच पावतीसह. तक्रार क्रमांक लिहून घेतला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते.

उत्तर मुदतीत आलं. त्यात हिशेब नव्हता, फक्त 'तपासणीअंती रक्कम परत करत आहोत' एवढंच. पुढच्या स्टेटमेंटवर ९०० आणि ६४४.३९ जमा झाले होते, जीएसटी मात्र नाही. त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लिहिलं, तेव्हा १६२ आणि ११५.९९ त्यानंतरच्या स्टेटमेंटला आले. रक्कम परत आली की जीएसटीची ओळ वेगळी शोधा.