रात्रीचा डू नॉट डिस्टर्ब: स्टार काँटॅक्ट की Repeat callers, आणि गजराने वेळापत्रक बंद करावं का?

रात्री अकरा ते सकाळी साडेसहा फोन गप्प राहावा, पण घरचा तातडीचा फोन आला तर वाजावा आणि सकाळी गजर व्हावा, एवढीच बहुतेकांची मागणी असते. अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्बचं वेळापत्रक लावलं की हे जमतं. मात्र सवलत कोणाला आणि कशी द्यायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

कॉलसाठी मुख्य पर्याय दोन. स्टार केलेल्या काँटॅक्टना परवानगी दिली, तर त्यांचा पहिलाच कॉल वाजतो. Repeat callers चालू ठेवलं, तर पहिला कॉल मुकाट मिस्ड कॉलमध्ये जातो आणि त्याच माणसाने १५ मिनिटांच्या आत पुन्हा केला तर दुसरा वाजतो. इथे नंबर सेव्ह असण्याची गरज नाही. सवलत फोन कॉलपुरती आहे. एकाने दहा मेसेज पाठवले तरी फोन हूं की चूं करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉलचाही भरवसा धरू नये, तातडीच्या वेळी साधाच फोन करा असं घरी सांगून ठेवावं.

समजा, तुम्ही पुण्यात आणि आई-बाबा सांगलीत. रात्री २:१०ला बाबांनी आपल्या फोनवरून कॉल केला, उचलला गेला नाही म्हणून २:१२ला आईच्या फोनवरून केला. फक्त Repeat callers वर विसंबला असाल, तर दोन्ही कॉल गप्प राहतील, कारण फोनच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. दोघांनाही स्टार केलेलं असतं तर २:१०लाच फोन वाजला असता. आता उलट बाजू पाहा. शेजारच्या काकांनी किंवा सोसायटीच्या वॉचमनने त्यांच्या नंबरवरून फोन केला, तर स्टारचा काही उपयोग नाही. तिथे Repeat callers च कामाला येतं, कारण उचलला नाही की लगेच रिडायल करायची आपल्या लोकांची सवयच आहे.

म्हणून रात्रीसाठी मी दोन्ही चालू ठेवायला सांगेन. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याचं गणित वेगळं. कुरियरवाला दाराशी उभा राहून पाच मिनिटांत दोनदा फोन करतो, आणि दुसऱ्या वेळी झोप मोडते. त्यांनी दिवसाच्या वेळापत्रकात Repeat callers बंद करून फक्त स्टार ठेवावेत. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक वेळापत्रकाला स्वतंत्र सेटिंग देता येतं, त्यामुळे रात्रीचं बिघडत नाही. फक्त दोन वेळापत्रकं एकाच वेळी चालू असतील, तर जास्त कडक असेल त्याचं चालतं.

एक गोष्ट हमखास निसटते. डू नॉट डिस्टर्बने कॉल आत सोडला, तरी रिंगर सायलेंटवर असेल तर आवाज येणार नाही आणि व्हायब्रेटवर असेल तर नुसती थरथर होईल. झोपताना सवयीने फोन सायलेंट करणाऱ्यांची सवलत अशी वाया जाते. वेळापत्रक लावलंत तर रिंगर चालूच ठेवा.

गजराबाबत दोन वेगळ्या सोयींची गल्लत होते. अपवादांच्या यादीतलं Alarms चालू असेल, तर गजर वाजतो. ते बंद केलं, तर सकाळी स्क्रीनवर गजर दिसेल, पण आवाज होणार नाही. रिंगर सायलेंट असण्याने मात्र गजर अडत नाही, त्याचा आवाज वेगळा असतो. औषधांची किंवा कॅलेंडरची काही अ‍ॅप गजराऐवजी साधं नोटिफिकेशन वाजवतात, त्यांना ही सवलत लागू नाही.

दुसरी सोय वेळापत्रकाच्या आत असते: Alarm can override end time. ती चालू असेल, तर ठरलेली वेळ किंवा गजर, जे आधी येईल तिथे वेळापत्रक संपतं. साडेपाचचा गजर लावून फिरायला जाणाऱ्याला हे सोयीचं, कारण उठल्यावर फोन पुन्हा बोलका होतो. पण घरात कुणाला रात्री दोनचं औषध द्यायचं म्हणून गजर लावलात, तर वेळापत्रक दोनलाच संपतं आणि पहाटे पाचपासून ‘शुभ सकाळ’चे मेसेज वाजू लागतात. स्टेटस बारवर जो पुढचा गजर दिसतो तोच धरला जातो, मग तो कुठल्याही अ‍ॅपने लावलेला असो. मधल्या रात्री गजर लागत असेल, तर ही सोय बंद ठेवा. Alarms चालू असेल तर गजर तरीही वाजेल.

खात्री करायची असेल, तर दिवसा दहा मिनिटांचं वेळापत्रक लावा, एका स्टार नसलेल्या नंबरवरून लागोपाठ दोन कॉल करायला सांगा आणि दोन्ही कॉल झाल्यावर, पण वेळापत्रक संपायच्या आत वाजेल असा एक गजर ठेवा. पहिला कॉल गप्प राहून दुसरा वाजला पाहिजे, गजराचा आवाज आला पाहिजे. गजरानंतर वरचं डू नॉट डिस्टर्बचं चिन्ह गेलं, तर ओव्हरराइड चालू आहे.