वर्षभराच्या ग्राहकाला नवा दर: रक्कम वाढवायची की काम मोजायचं?

मी नागपुरात स्वतंत्रपणे डिझाइनचं काम करते. मागच्या वर्षी दोन ग्राहक एकाच सुमारास आले. इतवारीतलं साड्यांचं दुकान महिन्याला १५,००० रुपये देणार होतं, धंतोलीतला दातांचा दवाखाना १२,०००. काम दोघांचं सारखंच, महिन्याला इन्स्टाग्राम-फेसबुकच्या १२ पोस्ट. वर्ष भरत आलं तेव्हा दोघांनाही पाठवायचा एकच मेसेज मी लिहून ठेवला होता: "पुढच्या महिन्यापासून दर वाढतील." तो पाठवण्याआधी तास मोजले, म्हणून वाचले. दोन्ही ठिकाणी पैसे कमी पडत होते, पण कारणं वेगळी होती. तुमच्याकडे यातलं कुठलं कारण आहे, यावरच पुढचा सगळा निर्णय ठरतो.

तास मोजताना एकच महिना धरू नका, सलग तीन महिने धरा. दिवाळीचा महिना घेऊ नका, त्या महिन्यात सगळ्यांचंच काम फुगलेलं असतं. रोजची नोंद नसली तरी अडत नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फाइल सेव्ह झाल्याच्या तारखा समोर ठेवल्या की बराच अंदाज येतो. फोनवरची वीस मिनिटं आणि रात्री दहाला आलेले "छोटेसे चेंजेस" मात्र त्यात धरलेच पाहिजेत. आपण विसरतो ते नेमकं हेच.

दवाखान्याला सुरुवातीला २४ तास लागायचे, वर्षानंतरही तितकेच लागत होते. म्हणजे तासाला ५०० रुपये. काम वाढलं नव्हतं, पण त्या वर्षात माझा हात बसला होता आणि नव्या ग्राहकांना मी तासाला ६५० च्या हिशेबाने दर सांगत होते. इथे माझा दर जुना झाला होता.

दुकानाचं चित्र वेगळं होतं. ठरल्या कामाला ३० तास लागायचे, म्हणजे तिथेही तासाला ५००. वर्षाअखेर ४४ तास जात होते, आणि तास ३४० रुपयांवर आला होता. महिन्याला आठेक सणांचे बॅनर, दोन रील आणि चार-चार वेळा होणारे चेंजेस, हे सगळं मूळ बोलण्यात नसताना हळूहळू आत आलं होतं. राखी, पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती. नागपुरातल्या दुकानाला सणांची कमी नसते. इथे दर नव्हे, काम वाढलं होतं.

दर जुना झाला असेल तर: सरळ दरवाढ

काम तेवढंच, रक्कम नवी, लागू होण्याची तारीख ठरलेली. हा मार्ग सोपा आहे, कारण ग्राहकाला नवं काही समजून घ्यावं लागत नाही. दवाखान्यासाठी मी १२,००० चे १४,००० सांगितले. तासाला ५८३ होतात, म्हणजे नव्या ग्राहकापेक्षा अजूनही कमी. हा फरक मी त्यांना सांगितला. जुन्या ग्राहकाला आपली किंमत राखली जाते हे आकड्यातून दिसलं की बोलणं मऊ राहतं.

आधी बोलले, मग लिहून पाठवलं. लेखी मेसेज एवढाच होता: "डॉक्टर, आपल्या कामाला जुलैत वर्ष होतंय. १ जुलैपासून महिन्याचे १४,००० रुपये होतील. काम सध्यासारखंच, १२ पोस्ट. जूनचं बिल जुन्याच दराने येईल." ही सूचना मी पंचेचाळीस दिवस आधी दिली. तीस दिवसही चालतात, पण दवाखान्यासारख्या ठिकाणी दोन भागीदार एकमेकांशी बोलून ठरवतात, त्यांना तो वेळ लागतो. मेसेजात महागाई, पेट्रोल, घरभाडं यांतलं काही लिहिलं नाही. तो माझा खर्च आहे, त्यावर ग्राहक स्वतःचा खर्च सांगतो आणि बोलणं कामावरून भलतीकडे जातं. "जमेल का?" हेही लिहिलं नाही, कारण त्या दोन शब्दांनी दर सांगितला न जाता मागितला जातो.

डॉक्टरांनी १३,००० म्हटलं. इथे बहुतेक जण मधला आकडा घेऊन मोकळे होतात. मी सांगितलं की १३,००० मध्ये बसवायचं असेल तर १२ ऐवजी १० पोस्ट करू. काम तेच ठेवून रक्कम उतरवली, तर पहिला आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो आणि पुढच्या वर्षी घासाघीस तिथूनच सुरू होते. त्यांना पोस्ट कमी नको होत्या. त्या म्हणाल्या, "मग ऑगस्टपासून करा, जुलैत नवी खुर्ची येतेय." हे मी लगेच मानलं. तारखेत सूट दिली तर एकदाच २,००० जातात, रकमेत दिली तर वर्षाला १२,०००.

ही दरवाढ पचली नाही, तर ग्राहक तसं तोंडावर क्वचितच सांगतो. पाच तारखेला येणारे पैसे वीसला येऊ लागतात. कधी न मागणारा ग्राहक एकाएकी ओपन फाइल मागतो, किंवा खात्याचा पासवर्ड बदलून घेतो. असं दिसलं की थेट विचारावं. तो दुसरा माणूस शोधत असेल, तर निदान शेवटचं बिल अडकत नाही.

एक गणित आधी करून ठेवा. सारखी रक्कम देणारे पाच ग्राहक असतील आणि सगळ्यांना वीस टक्के वाढ सांगितल्यावर एक गेला, तर उत्पन्न फक्त चार टक्क्यांनी घटतं आणि पाचवा हिस्सा वेळ मोकळा होतो. दोनच ग्राहक असतील आणि एक गेला, तर उत्पन्न चाळीस टक्क्यांनी घटतं. म्हणून ग्राहक कमी असतील तर सगळ्यांना एकाच महिन्यात सांगू नये. सगळ्यात लहान रकमेच्या ग्राहकापासून सुरुवात करावी आणि त्याचं उत्तर आल्यावरच पुढच्याला सांगावं.

काम वाढलं असेल तर: काम मोजून देणं

दुकानाला सरळ दरवाढ सांगितली असती, तर ३४० चा तास ५०० वर आणायला १५,००० चे २२,००० करावे लागले असते. जवळपास दीडपट. ऐकणाऱ्याला ती लूट वाटते, कारण वाढलेलं काम त्याच्या लक्षातच नसतं. प्रत्येक बॅनर त्याने वेगळ्या दिवशी, सहज मागितलेला असतो.

म्हणून बोलण्याआधी दोन महिने मी बिलाची मांडणी बदलली. ठरलेल्या १२ पोस्टचे १५,००० आणि त्याखाली "सणांचे बॅनर ८: या महिन्यात शुल्क नाही", "रील २: या महिन्यात शुल्क नाही". एकूण रक्कम तीच राहिली. माझ्या मते या मार्गातला हाच सगळ्यात उपयोगी भाग आहे. जूनमध्ये मी दुकानात बसले, तेव्हा भाऊंना वाढलेलं काम पटवून द्यावं लागलं नाही, त्यांनी ते दोनदा वाचलं होतं. तरी म्हणालेच, "काहून हो ताई, वर्षभर तर एवढ्यातच होत होतं नं?" मी दोन्ही बिलं समोर ठेवली आणि दोन पर्याय सांगितले. १५,००० मध्ये १२ पोस्ट, प्रत्येकीत दोनदा चेंजेस. वरचा बॅनर ५०० ला, रील १,५०० ला. नाहीतर २१,००० मध्ये १२ पोस्ट, ८ बॅनर, २ रील आणि चेंजेसची मर्यादा तीच.

वेळही पाहिली होती. लग्नसराई संपून आषाढ लागतो, साड्यांच्या दुकानात तेव्हा बसून बोलायला फुरसत असते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर हे बोलणं काढलं, तर अडवून पैसे मागितल्यासारखं होतं. तेव्हा हो म्हणणारा ग्राहक दिवाळीनंतर सोडून जातो.

या मार्गातला धोका वेगळा आहे. ग्राहक स्वस्त पर्याय घेतो आणि मागण्या मात्र जुन्याच ठेवतो. सगळं ठरतं ते पहिल्याच "ताई, फक्त एक छोटंसं" या मेसेजवर. तो फुकट केला तर नवा ठराव तिथेच मोडला. "हो, करते, ५०० चा बॅनर धरते, चालेल नं?" एवढं एकदाच लिहावं लागतं. तेवढं लिहिणं जमणार नाही असं वाटत असेल तर हा मार्ग घेऊ नका. सरळ रक्कम वाढवा, मग ती थोडी कमी वाढली तरी चालेल.

जीएसटी असेल तर फरक पडतो

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. दरवाढीमुळे तुम्ही ती रेघ ओलांडणार असाल, तर बिलावर १८ टक्के वेगळे चढतील. साड्यांचं दुकान नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असेल, तर त्याला तुमच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तो बोजा टिकत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला ते मिळत नाही. दवाखान्यालाही मिळत नाही, कारण उपचारांची सेवा करमुक्त आहे. म्हणजे १४,००० सांगितलेल्या डॉक्टरांना १६,५२० मोजावे लागतील. दरवाढ आणि कर दोन्ही एकाच महिन्यात त्यांच्यावर टाकू नका, मधे निदान सहा महिने जाऊ द्या.

भाऊंनी १५,००० वालाच पर्याय घेतला. आषाढात खरंच काही जास्तीचं निघालं नाही. श्रावण लागला आणि पोळा संपेपर्यंत १० बॅनर आणि २ रील झाले, बिल २३,००० चं गेलं. त्यांनी फोन केला तेव्हा मला वाटलं, आता तुटणार. त्यांनी हिशेब आधीच केला होता: २१,००० वाल्यात वरच्या दोन बॅनरांचे हजार धरले तरी २२,००० झाले असते. म्हणाले, "ताई, ते एकवीसवालं लावून टाका." त्या कामाला आता ४० तास लागतात, म्हणजे तास ५२५ चा पडतो, दवाखान्यापेक्षा थोडा कमीच. चेंजेस दोनवर आल्यामुळे रात्रीचे मेसेजही थांबलेत. काम आता मोजलेलं आहे, तेव्हा येत्या जुलैत दुकानाला पहिल्यांदा सरळ दरवाढ सांगणार आहे.