लॅपटॉपची की निघाली: तीच बसवायची, सुटी मागवायची की पूर्ण कीबोर्डच बदलायचा?

इंदूरात कुठल्याही रिपेअरवाल्याकडे निघालेली की घेऊन गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "भैया, पूरा कीबोर्ड ही बदलेगा". त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याला अर्धा तास एका कीवर घालवणं परवडत नाही. पण आपल्याला परवडतं, म्हणून हे लिहितोय. मी तिन्ही रस्ते जवळून पाहिलेत, मामांच्या लॅपटॉपवर पूर्ण कीबोर्ड बदलून घेतला, स्वतःच्या लॅपटॉपवर तीच जुनी की परत बसवली आणि नंतर तिच्यासाठी सुटी क्लिप पण मागवली.

आधी एक गोष्ट तपासा, म्हणजे निम्मा निर्णय तिथेच होतो. कीची वरची अक्षरवाली कॅप निघाल्यावर खाली जी छोटी रबरी टोपी दिसते ती उघड्या बोटाने हळूच दाबा. अक्षर उमटलं तर कीबोर्ड जिवंत आहे, कारण अक्षर उमटवायचं काम ती टोपी आणि तिच्याखालची प्लास्टिकची पातळ झिल्ली करते. वरच्या कॅपचा आणि क्लिपचा इलेक्ट्रॉनिक्सशी काही संबंध नसतो. नीट मधोमध दाबूनही अक्षर येत नसेल, किंवा चहा-पाणी सांडल्यावर हे झालं असेल, किंवा एकाच ओळीतल्या चार-पाच की गप्प असतील, तर सरळ कीबोर्ड बदला, पुढचं वाचायची पण गरज नाही.

आता क्लिप. त्या दोन छोट्या चौकटी असतात, एक बाहेरची एक आतली, मध्ये दोन बारीक खिळ्यांवर एकमेकींत अडकलेल्या, घडीच्या स्टुलाचे पाय असतात तशा. खाली धातूच्या पत्र्यातून वर आलेले छोटे हुक असतात. एका चौकटीचं खालचं टोक तिथे अडकून फक्त फिरतं, दुसरीचं टोक खाचेत मागेपुढे सरकतं. वर कॅपच्या पोटाशी पण तसंच, एका बाजूला टक्कन बसणारे हुक, दुसऱ्या बाजूला सरकायच्या खाचा. या जोडीमुळेच तुम्ही कॅपचा कोपरा दाबला तरी अख्खी कॅप सपाट खाली जाते. क्लिपमध्ये स्प्रिंग वगैरे काही नसते, वर ढकलायचं काम रबराचं. एवढं डोक्यात ठेवलं की बिघाड आपोआप कळतो: की दबून वर येत नाही तर रबर बघा, की वाकडी बसते किंवा एकाच कोपऱ्यातून निघते तर क्लिप बघा.

माझी निघाली ती इंग्रजी ई. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठी टाइप करतो, तिथे ई म्हणजे काना, म्हणजे वाक्य पुढे सरकेचना. रबराच्या टोपीवर टाइप करून एक संध्याकाळ काढली पण बोट दरवेळी घसरतं, आणि तिरकं दाबत राहिलं तर टोपीचा चिकटवलेला काठ सुटायची भीती, म्हणून तसंच वापरत राहा असं मी कुणाला सांगणार नाही. बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावणं हा तात्पुरता उपाय ठीक आहे, पण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला तो उपाय नाहीच.

मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं. कॅप ठीक, तिचे चारही पकडायचे भाग शाबूत. पत्र्याचे हुक सरळ. रबर जागेवर. पण क्लिपच्या बाहेरच्या चौकटीची एका कोपऱ्यातली टोचणी, मोहरीपेक्षा बारीक, तुटलेली. अशी क्लिप बसते, फसवते पण, कारण कॅप वर ठेवली की टक आवाज येतो आणि वाटतं झालं, मग त्या कोपऱ्यावर बोट पडलं की पुन्हा बाहेर. म्हणून बसवल्यावर मधोमध दाबून खूश होऊ नका, चारही कोपरे वेगवेगळे दाबा, प्रत्येक कोपऱ्यातून अक्षर आलं पाहिजे आणि कॅप शेजारच्या कीच्या पातळीत राहिली पाहिजे.

सुटी क्लिप येईपर्यंत मी चौकोनी कंसाच्या ] या कीची क्लिप काढून ई ला लावली. इनस्क्रिप्टमध्ये तिथे नुक्ता असतो, मराठीत त्याची गरज फार क्वचित पडते. प्रोग्रामिंग करणाऱ्याने ही की निवडू नये, त्याने दुसरी कमी लागणारी शोधावी, अट एवढीच की आकार अक्षराच्या कीएवढाच हवा. वरच्या ओळीतल्या एफ वाल्या बुटक्या कीची क्लिप साधारणपणे वेगळी असते, ती चालत नाही.

बसवायची पद्धत, जशी माझ्या हाताला जमली तशी सांगतो. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. शेजारच्या मोकळ्या केलेल्या कीचा फोटो काढून ठेवा, कारण कुठली बाजू वर आणि कुठली खाली हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तोंडी नियम सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही चौकटी सुटल्या असतील तर आधी आतली बाहेरचीत बसवा, बाहेरची किंचित वाकवून खिळा भोकात सोडायचा. मग जोडी कीबोर्डवर, आधी सरकणारी बाजू हुकांखाली घाला आणि मग दुसरी बाजू नखाने दाबून बसवा. या टप्प्यावर थांबून बघा, चिमट्याने उचलली तर क्लिप अलगद उभी राहिली पाहिजे आणि सोडली की सपाट पडली पाहिजे. अडखळली तर उलटी बसलीय. त्यानंतरच कॅप, सपाट धरून क्लिपवर ठेवायची, आधी सरकणारी कड लावायची आणि मग अंगठ्याने मध्ये आणि कडांना हलकं दाबायचं. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकीच्या जागी आहे, तिथे थांबा, कारण टोचण्या याच क्षणी तुटतात.

स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या रुंद कींना क्लिपशिवाय बऱ्याचदा एक बारीक लोखंडी तार पण असते, दोन्ही टोकं सारखी दबावीत म्हणून. ती तार आधी पत्र्याच्या हुकांत अडकवायची, मग कॅप दाबायची, आणि उलट क्रमाने करायला गेलात तर तार वाकते. नवशिक्याने पहिली की म्हणून स्पेसबार हातात घेऊ नये असं मला वाटतं.

पत्र्याचा हुक वाकला असेल तर सुईने किंवा बारीक चिमट्याने एकदा सरळ करता येतो, तोच हुक परत परत वाकवला की तुटतो, आणि तो तुटला की या रस्त्याचा शेवट, कारण हुक म्हणजे कीबोर्डच्या पत्र्याचाच भाग. आणि फेविक्विक कृपा करून क्लिपला लावू नका. तो इतका पातळ असतो की स्वतःच सांध्यात शिरतो आणि फिरायचा भाग कायमचा गच्च होतो. रबराची टोपी सुटली असेल तर तिच्या काठाला टूथपिकच्या टोकाने रबराला चालणारा घट्टसर गोंद अगदी थोडा लावता येतो, मध्यभागी जाऊ द्यायचा नाही आणि रात्रभर वाळू द्यायचा.

सुटी की ऑनलाइन मिळते, कॅप, क्लिप आणि रबर असा सेट, काहीशे रुपयांत. इथे त्रास वेगळा आहे. लॅपटॉपचं मॉडेल एकच असलं तरी आतला कीबोर्ड चिकोनीचा, डारफॉनचा किंवा लाइटऑनचा असू शकतो आणि तिघांच्या क्लिपा एकमेकींना बसत नाहीत. त्यामुळे नुसतं मॉडेल नंबर टाकून मागवलं तर चुकीची यायची शक्यता बरीच. तुमच्या क्लिपचा, कॅपच्या पोटाचा आणि कीबोर्डवरच्या हुकांचा फोटो विकणाऱ्याच्या फोटोशी जुळवा, हुक किती आणि कुठे हे बघा. माझी अशीच जुळवून आली आणि बसली.

आता पूर्ण कीबोर्ड. बाजूने बोलायचं तर सगळ्या की नव्या, अक्षरं पुसलेली नाहीत, वॉरंटी पण मिळते थोडीफार. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये बऱ्याच मॉडेलचे कीबोर्ड मिळून जातात. जुन्या लॅपटॉपमध्ये, चार-पाच स्क्रू आणि एक पट्टी केबल एवढाच मामला असेल, तर मी पण कदाचित हेच करीन. पण आताच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या डझनावारी बारीक ठोकळ्यांनी वितळवून बसवलेला असतो. बदलताना बॅटरी, बहुतेकदा मदरबोर्ड पण बाहेर काढायचा, ठोकळे तोडायचे आणि नवा कीबोर्ड ठेवून सोल्डरिंग आयर्नने परत वितळवायचे. पूर्ण कव्हरासकट घेतला तर हे टळतं, पण किंमत बरीच वाढते.

मामांच्या लॅपटॉपला ठोकळेवाला प्रकार केला आणि मला जे खुपलं ते इथेच. अक्षरं सगळी उमटतात, दिसायला नवा कोरा, पण जी-एच च्या आसपास दाबलं की कीबोर्ड आत दबतो, फळीखाली पोकळी असल्यासारखा. मध्ये काही ठोकळे पकड धरत नसणार. मामा दोन बोटांनी टाइप करतात, त्यांना फरक नाही पडत, म्हणाले "अरे चालतंय की". मला मात्र दहा बोटांनी पानंच्या पानं लिहायची असतात आणि तो हेलकावा प्रत्येक ओळीत बोटांना कळतो. एका कीसाठी उरलेल्या सगळ्या कींचा मूळचा कडकपणा घालवायचा हे मला पटलं नाही, आणि माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला. सगळीकडे असंच होईल असं नाही, नीट हाताचा कारागीर असेल तर पक्कं बसत पण असेल, पण बसवून झाल्यावर दुकानातच मधोमध दाबून बघा एवढं नक्की सांगीन.

एक अपवाद. ॲपलचे 2015 ते 2019 मधले बरेच मॅकबुक बटरफ्लाय कीबोर्डचे आहेत, त्यातली क्लिप वेगळी आणि फार नाजूक, तिथे वरची पद्धत लावू नका. 2019 च्या शेवटी आलेल्या 16 इंची मॅकबुक प्रोपासून त्यांनी परत वर सांगितली तशी, कात्रीसारखी घडी होणारी क्लिप घेतली.

तर तुमच्याकडे कॅप हातात असेल, हुक शाबूत असतील आणि रबर दाबल्यावर अक्षर येत असेल, तर माझ्या मते आधी तीच बसवून बघा, टोचणी तुटलेली असेल तर कमी लागणाऱ्या कीची क्लिप उसनी घ्या आणि तेवढ्यात फोटो जुळवून नवी मागवा. कॅपच हरवली असेल तर सरळ सुटा सेट. निघालेले तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा, तुटलेली क्लिप सुद्धा, जुळवायला तीच लागते.