लग्नाच्या पिशव्या: वस्तूंप्रमाणे की विधींप्रमाणे?

पिशव्या भरायच्या दोन तऱ्हा आहेत. एका पिशवीत पूजेचं सगळं, दुसरीत कपडे, तिसरीत देण्याघेण्याच्या साड्या. किंवा मग गौरीहराची एक, मुहूर्ताची एक, होमाची एक. आमच्या घरातली दोन लग्नं या दोन तऱ्हांनी झाली.

पहिली तऱ्हा घरी सोयीची. यादी चटकन होते, बाजारातून आलं की त्या त्या पिशवीत जातं. घोटाळा कार्यालयात होतो. मोठ्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट "कापड" म्हणून साड्यांच्या बॅगेत गेला, बॅग वधूपक्षाच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली मावशीच्या कमरेला. मावशी खाली पाहुण्यांचा नाश्ता बघत होती. शेवटी काकांची शाल धरून मंगलाष्टकं सुरू झाली. फोटोत ती शालच आहे, किनारीसकट.

धाकटीच्या वेळी विधींप्रमाणे भरल्या. मुहूर्ताच्या पिशवीत अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता. होमाच्या पिशवीत लाह्या, तूप, समिधा, सप्तपदीचे तांदूळ आणि सात सुपाऱ्या. यात एक त्रास आहे: काडेपेटी, हळदकुंकू, कात्री, सुट्टे पैसे प्रत्येक पिशवीत वेगळे टाकावे लागतात. खर्च किरकोळ, पण आदल्या रात्री दोघांना बसून भरावं लागतं. होमकुंड, चौरंग, समई कार्यालय देतं की नाही, तेही आधी विचारून घ्या.

पिशवी कुणाकडे द्यायची, हा खरा प्रश्न. आईवडील सकाळपासून पाटावर असतात. मुहूर्ताला मामा मुलीला घेऊन येतो, करवली तिच्या मागे उभी. लाह्या घालायला आणि कानपिळीला भाऊ लागतो. म्हणजे आपण ज्यांची नावं आधी लिहितो, तीच माणसं नेमकी त्या वेळी अडकलेली. आम्ही होमाची पिशवी आतेभावाच्या बायकोला दिली. तिला त्या तासात दुसरं कामच नव्हतं. पिशवीवर तिचं नाव आणि आतल्या वस्तूंची चिठ्ठी चिकटवली होती.

मंगळसूत्र, जोडवी आणि पाकिटं मात्र कुठल्याच पिशवीत नकोत. ती एकाच्या खांद्यावरच्या पर्समध्ये, आणि ती पर्स जेवतानाही खाली ठेवायची नाही.

हारवाला, केटरर, मंडपवाला यांच्यासाठी वेगळा माणूस हवा, पाटावर न बसणारा. हार मोजून घ्यायचे आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्यायचे. आमच्याकडे वरमाला दोन आल्या, गजरे मात्र सांगितल्यापेक्षा कमी. पैसे हातात होते म्हणून हारवाल्याचा पोरगा अर्ध्या तासात बाकीचे घेऊन आला.

लग्न घरच्या घरी, पन्नास माणसांत असेल आणि साहित्य गुरुजीच आणणार असतील, तर पहिली तऱ्हा पुरते. कार्यालय असेल, खोल्या दोन मजल्यांवर असतील, तर विधींप्रमाणेच भरा.