फोर-पॉइंट प्रोब आठ महिने वापरल्यानंतर: मल्टिमीटरच्या दोन टोकांवर मी का विसंबत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत पातळ थरांचा रेझिस्टन्स मोजणारा फोर-पॉइंट प्रोबचा संच आला. एका रांगेत दोन-दोन मिलिमीटरवर बसवलेली चार स्प्रिंगची टोकं, २० मिलिअँपिअरपर्यंत देणारा स्थिर करंट सोर्स आणि मिलिव्होल्टमीटर, एवढाच त्याचा पसारा. आठ महिन्यांत त्यावर दोनेकशे नमुने तरी मोजून झाले असतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे संच बरेच जण बनवतात आणि माझं सांगणं मोजण्याबद्दल जास्त आहे.

हा संच मागवावा लागला तो एका विद्यार्थ्यामुळे. तो एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी काचेवर फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचे, म्हणजे एफटीओचे थर बनवत होता. तापलेल्या प्लेटवर काच ठेवायची आणि द्रावणाचा फवारा मारायचा, ही आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत चालते तीच पद्धत. थर छान पारदर्शक येत होते. रेझिस्टन्स मात्र तो मल्टिमीटरची दोन टोकं थरावर टेकवून मोजत होता. एके दिवशी वैतागून म्हणाला, "सर, दर टाईमले येगळाच आकडा येस." मी स्वतः टोकं धरली. जोरात दाबलं की १८ ओम, हलकं धरलं की २४. फ्लोरीनचं प्रमाण बदललेल्या तीन काचा होत्या, आणि तिन्हींचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले की फ्लोरीनने काहीच फरक पडत नाही असा निष्कर्ष त्याच्या वहीत लिहून झाला होता. तो निष्कर्ष साफ चुकीचा होता. चूक त्याच्या हाताची नव्हती, पद्धतीची होती.

दोन टोकांनी मोजताना नेमकं काय बिघडतं हे मला नीट दाखवता यावं म्हणून मी बाजारातून घेतलेल्या एफटीओ काचेचा २० बाय २० मिलिमीटरचा तुकडा कापला. त्याचा शीट रेझिस्टन्स १० ओम प्रति चौरस असा पाकिटावर छापलेला होता. "प्रति चौरस" म्हणजे काय, यावर मुलं हमखास अडतात. थराचा चौरस तुकडा घेऊन समोरासमोरच्या दोन पूर्ण कडांमधून करंट सोडला, तर येणारा रेझिस्टन्स चौरसाच्या आकारावर अवलंबून नसतो. लांबी दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. म्हणून एक सेंटिमीटरचा चौरस असो की एक मीटरचा, आकडा तोच.

आता मल्टिमीटरची टोकं काही पूर्ण कडेला लागत नाहीत. ती दोन बिंदूंवर टेकतात. करंट एका बिंदूतून निघून सगळीकडे पसरतो आणि दुसऱ्या बिंदूत पुन्हा गोळा होतो. टोकाच्या अगदी जवळ त्याला वाट अरुंद मिळते, त्यामुळे बराचसा व्होल्टेज तिथेच खर्ची पडतो. मोठ्या थरावर दोन टोकांमधलं अंतर D आणि टोकाच्या टेकणीची त्रिज्या a धरली, तर रेझिस्टन्स असा येतो:

```
R = (Rs / π) × ln(D / a)
```

Rs म्हणजे शीट रेझिस्टन्स, इथे १० ओम, टोकं १० मिलिमीटरवर, टेकणी ०.१ मिलिमीटरची. ln १०० म्हणजे ४.६०५, तेव्हा R येतो १४.७ ओम. तेच टोक थोडं अणकुचीदार, ०.०५ मिलिमीटरचं घेतलं की १६.९. थर तोच, काच तीच. इथे मी संपर्काचा रेझिस्टन्स शून्य धरला आहे, तरी १० चा आकडा कुठे दिसत नाही! आमच्या लहान तुकड्याच्या कडा करंटला बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून तो आणखी थोडा वाढतो. त्यावर तारांचा रेझिस्टन्स, जो आमच्या मल्टिमीटरची टोकं एकमेकांना लावली की ०.४ ओम दिसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धातू आणि ऑक्साइड यांच्या टेकणीतला संपर्क-रेझिस्टन्स. हाताच्या दाबाबरोबर जो आकडा नाचत होता, तो मुख्यतः हाच. मीटर या सगळ्यांची बेरीज दाखवतो आणि त्यातलं थराचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

मग मुलांनी समोरासमोरच्या दोन्ही कडांना चांदीची पेस्ट लावून मोजलं. आकडा ११.३ आला, तारांचे ०.४ वजा जाता १०.९. सुधारणा मोठी होती, कारण आता करंट सरळ रेषेत वाहत होता. तरीही पेस्टच्या दोन संपर्कांचे ०.९ ओम त्यात राहिलेच. हजारो ओमच्या थरात ०.९ ने काही बिघडणार नाही, पण अर्धवाहकाच्या थरावर धातूचा संपर्क काही वेळा स्वतःच हजारो ओमचा अडथळा उभा करतो. त्यामुळे थर जास्त रेझिस्टन्सचा आहे म्हणून दोन टोकं चालतील, असंही गृहीत धरता येत नाही.

चार टोकांची युक्ती इथेच कामाला येते. बाहेरच्या दोन टोकांतून करंट जातो आणि आतल्या दोन टोकांवर फक्त व्होल्टेज मोजला जातो. संपर्क-रेझिस्टन्स नाहीसा होत नाही, तो चारही टोकांखाली असतोच. बाहेरच्या टोकांखाली त्याने त्रास होत नाही, कारण करंट सोर्स ठरवलेला करंट ढकलतोच. आतल्या टोकांतून मात्र जवळजवळ करंटच जात नाही. आमच्या मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओम आहे. त्यावर २३.७ मिलिव्होल्ट पडले तर करंट २.४ नॅनोअँपिअर. आतल्या टोकाखाली १०० ओमचा संपर्क असला तरी तिथे जाणारा व्होल्टेज पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास. मीटरला तो दिसतही नाही.

सूत्रातला ४.५३२ हा आकडा मुलं पाठ करतात, पण तो येतो कुठून हे एकदा फळ्यावर काढलंच पाहिजे. बाहेरच्या टोकातून निघालेला करंट थरात वर्तुळाकार पसरतो, म्हणून व्होल्टेज अंतराच्या ln प्रमाणे उतरतो. शेजारशेजारच्या टोकांमधलं अंतर s धरलं, तर पहिल्या टोकापासून आतली टोकं s आणि 2s अंतरावर आहेत, म्हणजे त्याच्यामुळे ln २. चौथ्या टोकामुळेही तेवढंच.

```
V = (I × Rs / 2π) × 2 ln 2
Rs = (π / ln 2) × (V / I) = 4.532 × (V / I)
```

s गळून पडला. टोकं समान अंतरावर हवीत, ते अंतर किती आहे याने मोठ्या थरात काही फरक पडत नाही. फक्त थर टोकांमधल्या अंतराच्या मानाने खूप पातळ हवा, आणि खालची काच विद्युतरोधक हवी. स्टीलच्या पत्र्यावर थर देऊन आणलेला एक नमुना मी परत पाठवला, कारण त्यावर आपण पत्राच मोजत बसतो.

"मोठ्या थरात" या शब्दांकडे मात्र आमचं पहिले दोन महिने दुर्लक्ष झालं. संचाच्या पुस्तिकेत ४.५३२ एवढंच छापलं आहे, आणि माझी या संचाबद्दलची मुख्य तक्रार तीच. आमच्या तुकड्यावर १० मिलिअँपिअरला एका दिशेने २३.९ मिलिव्होल्ट आले, करंट उलटा केल्यावर २३.५. मीटरचा शून्याचा सरकाव आणि टोकांवरचा उष्णतेचा व्होल्टेज दिशा बदलल्यावर बदलत नाही, म्हणून सरासरी २३.७ घ्यायची. V/I म्हणजे २.३७ ओम. ४.५३२ ने गुणलं तर १०.७४. पण आमचा तुकडा २० मिलिमीटरचा आणि टोकांमधलं अंतर २, म्हणजे तुकडा अंतराच्या फक्त दहापट. एफ. एम. स्मिट्स यांनी १९५८ मध्ये दिलेल्या तक्त्यात अशा चौरसाच्या मध्यभागी मोजताना गुणक ४.२२ येतो. २.३७ गुणिले ४.२२ म्हणजे १०.०. पाकिटावर छापलेला आकडा बरोबर होता, आम्हीच सात टक्के चुकत होतो. तुकडा अंतराच्या चाळीसपट असेल तर गुणक ४.५१ होतो आणि ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते. दोन मिलिमीटरच्या प्रोबला त्यासाठी आठ सेंटिमीटरचा नमुना लागेल. तेवढा मोठा नमुना आमच्याकडे कोणी बनवत नाही, म्हणून तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला आहे.

फेब्रुवारीत एक गोष्ट घडली, ती हा संच वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. तोच १० ओमचा तुकडा एका सकाळी ९ च्या जरा खाली आला. आकडा अजिबात नाचत नव्हता. ५ मिलिअँपिअर आणि १० मिलिअँपिअरला V/I तोच येत होता, करंट उलटा करूनही तेच. सगळ्या परीक्षा पास, आणि उत्तर दहा टक्के खोटं. शेवटी काचेवर ॲल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर प्रोब हलकेच टेकवला आणि चार खळगे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली मोजले. दुसरं टोक वाकलं होतं. अंतरं २.२, १.८ आणि २.० मिलिमीटर झाली होती. समान अंतराला सूत्रातला 2 ln 2, म्हणजेच ln ४, १.३८६ यायला हवा. आमच्या टोकांना ln ३.४५ म्हणजे १.२४ येत होता. बरोबर दहा-साडेदहा टक्के कमी. प्रोब अर्धा फिरवून मोजला तरी आकडा तोच राहतो, त्यामुळे वाकलेलं टोक तसं पकडता येत नाही. कोणीतरी प्रोब थरावर असतानाच काच सरकवली असणार. आता काच हलवण्याआधी प्रोब वर उचलायचा, हा नियम सगळे पाळतात.

त्या विद्यार्थ्याच्या तीन काचा पुन्हा मोजल्या. मल्टिमीटरवर एकमेकांत मिसळलेल्या त्या काचा १४, २२ आणि ३५ ओम प्रति चौरस निघाल्या. वहीतलं पान त्याने फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा तक्ता लिहिला.

संचाच्या मर्यादा सांगायच्या तर, चांदीसारख्या धातूच्या अर्ध्या ओमच्या थरावर १० मिलिअँपिअरला जेमतेम एक मिलिव्होल्ट मिळतो, आणि ०.१ मिलिव्होल्ट वाचणाऱ्या मीटरवर त्याला अर्थ नाही. उलट टोकाला, काही न मिसळलेला झिंक ऑक्साइड मेगाओममध्ये जातो. तिथे आमचा करंट सोर्स पुरेसा लहान करंट देऊ शकत नाही, आणि मीटरचा १० मेगाओमही अपुरा पडतो. दोन-तीन ओमपासून काही हजार ओमपर्यंत मात्र मी या संचाच्या आकड्यावर सही करतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ टोकांवर बसते, म्हणून दर आठवड्याला स्पिरिट लावलेल्या कापसाने ती पुसतो. १० ओमचा तो तुकडा डबीत ठेवला आहे. रोज पहिलं वाचन त्याचंच होतं, आणि ते ९.८ ते १०.२ मध्ये आलं तरच दुसरी काच प्रोबखाली जाते.