ब्युरेट रिकामं झालं म्हणजे डोस गेला असं नाही: आठ महिने वापरल्यावर

आमच्या ग्रामीण रुग्णालयात, यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, बालकक्षात ब्युरेट सेट नियमित मिळायला लागले ते आषाढात. त्याआधी लेकराला शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं तर दोनच रस्ते होते. एक, सिरिंजने हळूहळू. आता हे 'हळूहळू' किती, ते त्या वेळी वॉर्डात किती लोक हाका मारताहेत त्यावर ठरायचं. दुसरा, १०० मिलीच्या बाटलीत औषध मिसळून साधी सलाईन लावायची. त्यात धाप लागलेल्या लहानग्याच्या अंगात नको तेवढं पाणी जायचं.

ब्युरेट म्हणजे १०० मिलीचं, मिलीच्या खुणा असलेलं पारदर्शक नळकांडं. वर सलाईनची बाटली, खाली बारीक थेंबांची मायक्रो ड्रिप. ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. ताशी ६० मिली सोडायचे तर सेकंदाला एक थेंब. भिंतीवरचं घड्याळ पुरतं. पंपासारखी वीज लागत नाही, ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही.

पहिला धडा मिळाला श्रावणात. चौदा महिन्यांची मुलगी, न्यूमोनिया. दोन दिवस अँपिसिलिन आणि जेंटामायसिन देऊनही धाप कमी होईना, म्हणून सरांनी सेफ्ट्रिअॅक्सोन लिहिलं: किलोमागे ८० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. केस पेपरवर वजन होतं ८.१ किलो. म्हणजे ६४८ मिलिग्रॅम. मला ती पोरगी त्याहून भरलेली वाटली. विचारलं तर आजी म्हणाली, "अंगणवाडीच्या कार्डावर होतं तेच सांगितलं न बाई." कार्डावरची नोंद सहा महिन्यांपूर्वीची. गोधडी आणि कपडे काढून काट्यावर ठेवलं, तर ९.४ किलो. डोस झाला ७५२. शंभर मिलिग्रॅमचा फरक, आणि आधीच्या दोन दिवसांतही औषध कमीच गेलेलं. त्या दिवसापासून अँटिबायोटिकच्या ऑर्डरशेजारी 'आज मोजलेलं वजन' असं लिहिलेलं नसेल तर मी व्हायल फोडत नाही.

७५२ चे ७५० केले. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ९.६ मिली स्टराइल वॉटर घातलं की पावडरीसकट साधारण १० मिली होतं, म्हणजे मिलीला १०० मिलिग्रॅम. ७.५२ मिली कुठल्याच सिरिंजवर दिसत नाही, ७.५ दिसतं. डोस असाच राउंड करायचा: सिरिंजवर नीट वाचता येईल त्या आकड्यावर, आणि मूळ हिशेबापासून फार तर दहा टक्क्यांच्या आत. अर्धी व्हायल, पाऊण व्हायल असं डोळ्यांनी करणं म्हणजे राउंड करणं नाही. पावडरीचा हा हिशेब सेफ्ट्रिअॅक्सोनमध्ये चुकला तरी निभावतं. पाण्याचं १० मिलीचं अख्खं अँप्युल ओतलं तर डोस चारेक टक्के कमी पडतो. अँपिसिलिनमध्ये निभावत नाही. तिथे ५०० च्या व्हायलमध्ये २.१ मिली घातल्यावर २.५ मिली होतं. कुणी सरळ २.५ मिली घातलं आणि त्यातलं २.५ ओढलं, तर चौदा टक्के औषध व्हायलमध्येच राहतं.

तर ७.५ मिली औषध ब्युरेटमध्ये घातलं, वरून नॉर्मल सलाईन सोडून ३० मिली केलं. मिलीला २५ मिलिग्रॅम झालं. हे औषध थेंबाथेंबाने द्यायचं तर मिलीला १० ते ४० च्या दरम्यान असावं, त्यात बसलं. अर्ध्या तासात द्यायचं, म्हणून मिनिटाला ६० थेंब. अर्ध्या तासाने ब्युरेट रिकामं. मुलीची आई म्हणाली, "संपली न सिस्टर, आता त काढा." मी काढणारच होते. पण नळी पांढऱ्या उशीवर आली होती आणि आतलं पाणी फिकट पिवळं दिसत होतं. सेफ्ट्रिअॅक्सोनचाच तो रंग.

ड्युटी संपल्यावर एक नवा सेट घेऊन ब्युरेटच्या तळापासून शिरेत बसवायच्या कॅन्युलाच्या टोकापर्यंतची नळी सिरिंजने भरून मोजली. आमच्या सेटमध्ये १४ मिली मावतात. गुणिले २५ केले तर ३५० मिलिग्रॅम. म्हणजे मी तेव्हा सेट काढला असता, तर पोरीला ७५० पैकी ४०० च मिळाले असते आणि पेपरवर मी ७५० दिले म्हणून सही केली असती! सुरुवातीची पहिली १४ मिनिटं तर नळीतली नुसती सलाईनच तिच्या अंगात गेली होती. तिला मी त्या वेळी २० मिली नॉर्मल सलाईन त्याच वेगाने सोडली, आणि आता प्रत्येक डोसमागे तेच करते. वेग वाढवायचा नाही, कारण नळीत आहे ते औषधच आहे. एका डोसला पन्नास मिली लागतात, आणि ते लेकराच्या दिवसभराच्या पाण्यात धरायचे. अतिकुपोषित मुलाच्या बाबतीत तर विसरायचेच नाहीत. दुसऱ्या कंपनीचा सेट आला की नळी पुन्हा मोजते.

सेटच्या खोड्या दोन. वरचा क्लॅम्प नीट बंद झाला नाही तर बाटलीतलं पाणी ब्युरेटमध्ये उतरत राहतं. खाली थेंब पडताहेत, पण पातळी तिथेच, असं दिसलं की हेच झालंय. दुसरं, ब्युरेट काठोकाठ भरलं किंवा आडवं पडलं की वरचा हवेचा फिल्टर भिजतो आणि थेंब आपोआप मंदावतात. पोराचा कोपर सरळ आहे, कॅन्युलाची जागा सुजलेली नाही, तरी थेंब पडत नसतील तर फिल्टर बघा. भिजला असेल तर सेट बदला.

पण खरी भीती वेगळीच आहे. ब्युरेटमध्ये वरच्या बाटलीतलंच पाणी उतरतं. जुलाबाच्या लेकराला आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईन, लागलेलं असतं. आमच्याकडे एका रात्री घाईत त्याच बाटलीखाली सेफ्ट्रिअॅक्सोन ब्युरेटमध्ये पडलं. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, आणि सेफ्ट्रिअॅक्सोन त्याच्याशी मिळून साका धरतं. ब्रदरचं वेळेवर लक्ष गेलं, औषध लेकरापर्यंत पोहोचण्याआधी सेट फेकला. आता बाटली बदलून, नळी नॉर्मल सलाईनने धुऊनच औषध. पाणी गढूळ दिसायची वाट बघायची नाही.

नवजात बाळांना मी हा सेट वापरतच नाही. २.६ किलोच्या, पहिल्या आठवड्यातल्या बाळाला जेंटामायसिन किलोमागे ५ ने १३ मिलिग्रॅम बसतं. मिलीला ४० च्या व्हायलमधून ते ०.३२५ मिली होतं. एवढं अचूक ओढणं कठीण, आणि १४ मिलीच्या नळीत त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे व्हायलमधल्या १ मिलीत ३ मिली नॉर्मल सलाईन मिसळते, मिलीला १० होतं, त्यातलं १.३ मिली सिरिंजमध्ये घेते. ते कॅन्युलाजवळच्या पोर्टमधून हळू, घड्याळ बघत, आणि मागून थोडी सलाईन. त्या बाळांसाठी सिरिंज पंप मागितलाय. फाईल अजून तालुक्यातच आहे.